चार ओळींची पाटी आणि मागची वही

धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात मी गेली वीस-बावीस वर्षे पावरी आणि भिली गाणी, होळीच्या रात्रीचे बोल, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या वंशावळी ध्वनिमुद्रित करत आलो आहे. संस्थेचे पाठबळ नाही, पदवीही त्या विषयातली नाही. जे जमले ते कानाने आणि पायाने. काठीच्या होळीत ज्यांनी माझ्यासाठी थांबून दोन बोल पुन्हा म्हणून दाखवले, त्यांतले कितीतरी आता नाहीत. त्यांचा आवाज शहाद्यातल्या माझ्या घरी एका ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर होता. ती डिस्क दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात पुसली जाता जाता वाचली. ती पुसली जाण्याच्या बेताला का आली, हे समजून घेताना जे हाती लागले ते इथे मांडतो आहे. कारण मूळ चूक माझीच होती, आणि ती मी एका ‘येस’वर बोट ठेवून केली होती.

त्या पावसाळ्यात संगणक सुरूच होईना. दुरुस्ती करणारा ओळखीचा मुलगा घरी आला. विंडोज पुन्हा टाकावे लागेल म्हणाला. ‘काका, तुमचं काम D मध्ये आहे ना? मग C पुसू, D ला हात लावत नाही.’ मी मान डोलावली. त्याने C काढून टाकला, मोकळ्या झालेल्या जागेवर विंडोज बसवायला घेतले आणि पडद्यावर हे वाक्य आले:

```
Windows cannot be installed to this hard disk space.
The partition contains one or more dynamic volumes
that are not supported for installation.
```

म्हणजे ही जागा डायनॅमिक आहे, इथे विंडोज बसणार नाही. मुलगा म्हणाला, ‘डिस्क डायनॅमिक झालीय. आता पूर्ण क्लीन करावी लागेल, मग बेसिक होईल.’ त्याचा हात कळफलकावर होता. मी त्याला थांबवले. मला काही कळत होते म्हणून नव्हे. ‘पूर्ण’ हा शब्द ऐकून.

*

हार्ड डिस्क म्हणजे एक लांबच लांब शेत समजा. त्यात कुठून कुठपर्यंत कोणता तुकडा, हे कुठेतरी लिहिलेले असावेच लागते. जुन्या पद्धतीच्या बेसिक डिस्कवर ही नोंद शेताच्या बांधावर, अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या पाटीवर असते. तिचे नाव मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे एमबीआर. या पाटीत तुकड्यांच्या नोंदीसाठी फक्त ६४ बाइट राखलेले आहेत. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, म्हणून नोंदी चारच. एका नोंदीत तीन गोष्टी महत्त्वाच्या: तुकडा कुठे सुरू होतो, किती लांब आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे. प्रकार एका बाइटचा. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस विभागाला 07 हा आकडा असतो.

या पाटीचा गुण असा की ती कोणालाही वाचता येते. विंडोज असो, लिनक्स असो, वा नुकताच सुरू झालेला आणि अजून काहीच न समजणारा संगणक असो, पहिली पाटी वाचली की काम भागते. तिचा दोष असा की तुकडा सलग असावा लागतो. एक नोंद म्हणजे एक सुरुवात आणि एक लांबी. दोन ठिकाणच्या जमिनी मिळून एक शेत असे तिथे लिहिण्याची सोयच नाही.

ही अडचण मोठ्या कार्यालयांना जाणवत होती. दोन डिस्क जोडून एक मोठा विभाग करायचा, किंवा एकच मजकूर दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहायचा, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी चालते. त्यासाठी विंडोज २००० बरोबर डायनॅमिक डिस्क आली. तिची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने व्हेरिटास कंपनीच्या साहाय्याने उभी केली. हिच्यात खरी नोंद पहिल्या पाटीवर नसते. डिस्कच्या अगदी शेवटी सुमारे १ एमबीची जागा राखून तिथे एक वही ठेवलेली असते. कोणता व्हॉल्यूम, त्याचे किती तुकडे, कोणता तुकडा कोणत्या डिस्कवर, हे सगळे त्या वहीत. एका गटातल्या प्रत्येक डायनॅमिक डिस्कवर त्याच वहीची प्रत असते, म्हणून डिस्का एकमेकींना ओळखतात. आणि पुढच्या पाटीवर काय उरते? प्रकाराच्या जागी 07 जाऊन 42 येतो. त्याचा अर्थ इतकाच: इथे काय आहे ते मागच्या वहीत पाहा.

विंडोज बसवणारा कार्यक्रम का अडला, ते आता कळेल. त्याला पाटीवर सरळ नोंद असलेली जागा हवी असते. डिस्क बेसिक असताना केलेला आणि रूपांतरानंतरही पाटीवर नोंद टिकलेला विभाग त्याला ओळखता येतो. पण डायनॅमिक डिस्कवर नव्याने केलेल्या व्हॉल्यूमची नोंद फक्त वहीत होते, पाटीवर नाही. आमच्या मुलाने C काढून टाकला तेव्हा त्याची पाटीवरची नोंदही गेली. जी एक वाट उरली होती ती आम्ही स्वतः बंद केली.

*

मग डिस्क डायनॅमिक झाली कधी? मी जुन्या वह्या काढल्या. मी खर्च आणि संगणकाचे उद्योगही लिहून ठेवतो. २०१६ च्या उन्हाळ्यात D भरत आला होता. डिस्कची रचना तेव्हा अशी होती: सुरुवातीला १०० एमबीचा विंडोजचा राखीव विभाग, मग १०० जीबीचा C, मग २०० जीबीचा D, त्यानंतर साधारण १५ जीबीचा रिकव्हरी विभाग, आणि शेवटी सुमारे १५० जीबी रिकामी पडीक जागा. विभाग चार, म्हणजे पाटीच्या चारही ओळी भरलेल्या. ही पडीक जागा वापरावी म्हणून मी डिस्क मॅनेजमेंट उघडले, D वर उजवी टिचकी देऊन ‘एक्स्टेंड’ निवडले. मध्ये रिकव्हरीचा बांध होता, म्हणून सलग वाढ शक्य नव्हती. विंडोजने विचारले की यासाठी डिस्क डायनॅमिक करावी लागेल, करू का? मी ‘येस’ दिले. दोन सेकंदांत D साडेतीनशे जीबीचा झाला. काही हरवले नाही, संगणक चालत राहिला. मला वाटले, काम फत्ते.

त्या जागेत नवा E विभाग केला असता तरी हाच प्रश्न आला असता, कारण पाचवी ओळ पाटीवर मावत नाही. पुष्कळांची डिस्क अशीच, नकळत डायनॅमिक होते. जाताना वाट सोपी असते: शेवटी १ एमबी जागा मोकळी असली की मजकुराला धक्का न लावता रूपांतर होते. परतीची वाट विंडोजने तशी ठेवलेली नाही. डिस्कवरचे सगळे व्हॉल्यूम काढून टाकल्याशिवाय ‘कन्व्हर्ट टू बेसिक’ हा पर्याय फिकटच राहतो.

परतीची एक आडवाट आहे. टेस्टडिस्कसारखा मोफत कार्यक्रम डिस्क चाळून विभागांच्या सुरुवाती शोधतो आणि पाटीवर नव्या सरळ नोंदी लिहितो. व्हॉल्यूम साधा आणि सलग असेल तर मजकूर जिथल्या तिथे राहतो आणि डिस्क बेसिक होते. एका मित्राने मला हाच सल्ला दिला. पण माझा D सलग नव्हता. २०० जीबीचा तुकडा इकडे, १५० चा तिकडे, मध्ये रिकव्हरी. पाटीवर एक सुरुवात आणि ३५० जीबीची लांबी लिहिली असती तर D च्या पोटात रिकव्हरीचा विभाग आला असता आणि पुढच्या फायली भलत्याच ठिकाणाहून वाचल्या गेल्या असत्या.

इथे एक फसगत होते. अशा तुटक व्हॉल्यूमचा प्रकारही विंडोज ‘सिम्पल’ असाच दाखवते, कारण दोन्ही तुकडे एकाच डिस्कवर आहेत. खरी खूण खालच्या पट्टीत दिसते: तेच अक्षर, माझ्या बाबतीत D, दोन वेगळ्या चौकटींत येते. अक्षर दोनदा दिसले की आडवाट सोडून द्यावी.

आणि ‘क्लीन’? त्याने गाण्यांचा प्रत्येक बाइट पुसला गेला नसता, पण मांडणीची नोंद गेली असती. दोन तुकडे एकाच D चे आहेत हे सांगणारी ती एकच वही होती.

*

शेवटी मुलाने ती डिस्क काढून त्याच्या दुकानातल्या संगणकाला आतून, साटाच्या केबलने जोडली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती ‘फॉरेन’ म्हणून दिसली. दुसऱ्या संगणकातून आलेली डायनॅमिक डिस्क अशीच परकी दिसते. ती बिघडलेली नसते. ‘इम्पोर्ट फॉरेन डिस्क्स’ म्हटल्यावर त्या संगणकाने मागची वही वाचली आणि D उघडला. एकाहून अधिक डिस्कांवर पसरलेला व्हॉल्यूम असता तर त्या सगळ्या एकदम जोडाव्या लागल्या असत्या.

सगळा D बाहेरच्या डिस्कवर उतरवायला रात्र गेली. सकाळी दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि एकूण बाइट ताडून पाहिले, आणि दहा-बारा गाणी मधूनमधून ऐकली. तेव्हाच डिस्क परत माझ्या संगणकात घातली आणि विंडोज बसवण्याच्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडली:

```
diskpart
list disk
select disk 0
detail disk
clean
exit
```

`list disk` च्या यादीत `Dyn` नावाच्या रकान्यात तारा असेल तर ती डिस्क डायनॅमिक. `detail disk` ही ओळ मी मुद्दाम ठेवली आहे. आपण निवडलेली डिस्क खरोखर हीच ना, हे नाव आणि आकार पाहून ठरवायची ती शेवटची जागा, कारण `clean` पुन्हा विचारत नाही. बाहेरची डिस्क त्या आधीच काढून कपाटात ठेवली होती. त्यानंतर डिस्क कोरी आणि बेसिक झाली आणि विंडोज निमूट बसले.

आता हाच प्रश्न दुसऱ्या दारातूनही येतो आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी लोक एमबीआरची पाटी बदलून जीपीटी ही नवी मांडणी करू पाहतात, आणि त्यासाठीचा `mbr2gpt` हा विंडोजचाच कार्यक्रम मजकूर न पुसता ते करतो. पण त्यालाही पाटीवर सरळ नोंदी लागतात, आणि त्याही तीनच. चौथी ओळ त्याला स्वतःसाठी हवी असते. 42 दिसला की तो तपासणीतच थांबतो. म्हणून आधी हे चालवून पाहावे, याने काहीच बदलत नाही:

```
mbr2gpt /validate /disk:0 /allowFullOS
```

मायक्रोसॉफ्टने स्वतः डायनॅमिक डिस्क आता मागे टाकली आहे. विंडोज ज्यावरून सुरू होते तो विभाग दोन डिस्कांवर जुळा ठेवणे, एवढाच तिचा उपयोग मानला जातो. बाकी कामाला ‘स्टोरेज स्पेसेस’ वापरावे असे ती कंपनी सांगते. ज्या घरात एक संगणक आणि एक डिस्क आहे, तिथे डायनॅमिक करण्याचे कारण मला तरी सापडले नाही. जागा कमी पडली तर दुसरी डिस्क घ्यावी.

धडगावच्या एका आजींचे होळीचे गाणे मी त्या सकाळी पडताळणीसाठी ऐकले. मध्येच त्या थांबतात, खोकतात आणि मला विचारतात, ‘लिहून घेतलंस का?’ घेतले होते. कुठे लिहिले गेले, ते मात्र मला त्या पावसाळ्यात कळले. आता ती गाणी तीन ठिकाणी आहेत, आणि तिन्ही डिस्का बेसिक आहेत.