ठिणगीविना पेटणारं डिझेल

शेतातलं जुनं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करताना तुम्ही पाहिलं असेल. आधी वरची छोटी लिव्हर उचलायची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हवा दबत नाही. फ्लायव्हीलने वेग घेतला की लिव्हर सोडायची. धाडकन पहिला ठोका पडतो. या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतोच. डिझेल पेटतं ते निव्वळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर.

समजा, सिलिंडरमध्ये 27 अंशांची एक लिटर हवा आहे आणि पिस्टन तिला अठराव्या हिश्श्यात दाबतो. उष्णतेला बाहेर पडायला वाव मिळाला नाही, तर पिस्टनने केलेलं सगळं काम हवेतच साठतं आणि ती तापते. किती, ते या सूत्रातून कळतं:

T₂ = T₁ × r^(γ−1)

इथे r म्हणजे 18. γ म्हणजे वायूच्या दोन उष्माधारकतांचं गुणोत्तर: दाब कायम ठेवून तापवायला लागणारी उष्णता भागिले आकारमान कायम ठेवून लागणारी. हवेसाठी ते 1.4 येतं. तापमान मात्र केल्विनमध्येच घ्यायचं. 27 हा आकडा तसाच घातला तर उत्तर साफ चुकतं. 300 ला 18 च्या 0.4 व्या घाताने, म्हणजे सुमारे 3.18 ने गुणलं की 953 केल्विन येतात. म्हणजेच 680 अंश सेल्सिअस! डिझेल आपोआप पेटायला याहून कितीतरी कमी तापमान पुरतं.

आता काम. एक लिटर हवा आकारमान न बदलता एक अंशाने तापवायला सुमारे 0.83 ज्यूल लागतात. इथे ती 653 अंशांनी तापली, म्हणून काम सुमारे 544 ज्यूल. हीच हवा अगदी सावकाश, उष्णता बाहेर जाऊ देत दाबली असती, तर 289 ज्यूलमध्ये भागलं असतं. तापलेली हवा पिस्टनला जास्त जोराने मागे रेटते, त्याची ही किंमत.

γ चं महत्त्व आरगॉन वायू घेतला की लख्ख दिसतं. त्याचे अणू सुटे असतात, त्यामुळे ऊर्जा रेणूच्या फिरण्यात वाटली जात नाही. सगळी धावण्यात जाते. त्याचा γ 1.67 असतो आणि एवढ्याच दाबण्याने तो 2000 केल्विनच्या पुढे जातो.

हे गणित आदर्श वायूचं, आणि व्युत्क्रमी प्रक्रियेचं, म्हणजे घर्षण वा खळबळ न होता, मागे नेलं तर जशीच्या तशी उलटणाऱ्या प्रक्रियेचं. खऱ्या इंजिनात तापत्या हवेचा γ थोडा उतरतो, रिंगांतून हवा निसटते, सिलिंडरची भिंत उष्णता खाते. मिनिटाला 1500 फेऱ्यांना हवा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात दबते, त्यामुळे उष्णतेला पळायला फारसा वेळ मिळत नाही. सुरू करताना फेऱ्या 200 च्या आसपास असतात आणि तोच वेळ साडेसात पट होतो. त्यात थंडीची सकाळ आणि गार लोखंड. मग नुसता पांढरा धूर येतो: न पेटलेलं डिझेल. म्हणून डिझेल गाडीत किल्ली फिरवल्यावर वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा. हीटर प्लग तेवढ्यात ती तूट भरून काढतो.