लहानपणची लागण, म्हातारपणचं आंधळेपण

डोळ्यांचे आजार : भाग 5

8 ऑक्टोबर 2024 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, की भारतात ट्रॅकोमा हा आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही. आग्नेय आशिया विभागात नेपाळ आणि म्यानमारनंतर आपला तिसरा क्रमांक लागला. ट्रॅकोमा म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या खुपऱ्या. बालाघाटकडे हिंदीत त्यालाच रोहे म्हणतात. तरीही वाघ नदीच्या अलीकडे राजेगावात किंवा पलीकडे गोंदियाच्या बाजूला, चिमट्यानं पापणीचे केस उपटत बसणारी एखादी आजी आजही भेटू शकते. लागण जवळजवळ संपलेली आहे आणि तरी आजीचा डोळा जातो आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, ते या भागात पाहू.

खुपऱ्यांना कारण असतो क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाचा जिवाणू. तो वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला घर करतो. पापणी उलटून पाहिली तर साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे दिसतात. एकदा लागण झाली आणि बरी झाली, तर सहसा फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुन्हा पुन्हा लागण होण्यानं. प्रत्येक वेळी सूज येते, ती भरताना आत थोडा व्रण राहतो, आणि वर्षानुवर्षं हे चालत राहिलं की व्रण आकसून पापणीची कड आत ओढतो. मग केस बाहेर न राहता बुबुळावर घासू लागतात. दर उघडझापीला एक ओरखडा. बुबुळाचा पारदर्शक भाग हळूहळू पांढुरका होतो, आणि गेलेली ती नजर पापणी सरळ करून परत येत नाही.

लागण मुख्यतः लहान मुलांत असते, पण केस आत वळतात ते तीस-चाळिशीनंतर. मुलांना सांभाळणाऱ्या बाईला ही लागण मुलांकडून पुन्हा पुन्हा होत राहते, म्हणून आत वळलेल्या पापण्या बायकांत जास्त दिसतात. आणि एकदा व्रण पडला की जिवाणू गेल्यावरही तो आकसत राहू शकतो, कारण बिघडलेल्या पापणीवर इतर जंतूही सूज आणतात. म्हणजे आजची आजी ही पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गावाची रुग्ण आहे. भारतात राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम 1963 मध्ये सुरू झाला. त्या काळात पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेशाच्या मोठ्या भागांत निम्म्याहून अधिक लोकांना खुपऱ्या होत्या.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं 1993 मध्ये स्वीकारलेल्या उपाययोजनेत चार भाग आहेत: आत वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, प्रतिजैविक औषध, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसराची सुधारणा. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सेफ म्हणतात. यातला शस्त्रक्रियेचा भाग आजीसाठी आहे, बाकीचे तीन नातवंडांसाठी.

औषधाचं गणित सोपं आहे. अझिथ्रोमायसिनचा एकच डोस, वजनाच्या दर किलोला 20 मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त एक ग्रॅम. गावात वजनकाटा फिरवणं अवघड म्हणून मुलांची उंची खुणांच्या काठीवर मोजून डोस ठरवतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला टेट्रासायक्लिनचं मलम, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. औषध फक्त आजारी मुलाला देत नाहीत, साऱ्या वस्तीला देतात, कारण एका घरात राहिलेली लागण पुन्हा सगळीकडे पोहोचते. याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण कार निकोबार बेटाचं. तिथं 2010 मध्ये तपासलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना सक्रिय खुपऱ्या होत्या. साऱ्या लोकसंख्येला वर्षातून एकदा अशा औषधाच्या फेऱ्या दिल्या गेल्या, आणि 2013 पर्यंत ते प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास आलं.

पण फक्त औषध पुरत नाही. जिवाणू बोटांवरून, टॉवेलवरून, आईच्या पदरावरून आणि माशीवरून एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जातो. ही माशी घरमाशीच्याच कुळातली आहे, तिला डोळ्यांतली चिकट घाण आवडते, आणि ती अंडी घालते उघड्यावर पडलेल्या माणसाच्या विष्ठेत. संडासच्या खड्ड्यात ती सहसा वाढत नाही. गांबियात 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कीटकनाशक फवारलेल्या गावांत मुलांच्या डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या 88 टक्क्यांनी घटल्या, नुसते संडास बांधलेल्या गावांत 30 टक्क्यांनी. फवारणी थांबली की माश्या परततात. संडास वापरात असेल तर त्याचा फायदा टिकतो. चेहऱ्याच्या स्वच्छतेतही पाहायची गोष्ट एकच: मुलाच्या डोळ्यांना आणि नाकाला घाण चिकटलेली आहे का. तांब्याभर पाण्यात हे काम होतं, फक्त पाणी घरापाशी हवं. माझ्या मते आपल्या बहुतेक राज्यांत खुपऱ्या मागे हटल्या त्यात नळांचा, हातपंपांचा आणि संडासांचा वाटा औषधांइतकाच मोठा आहे.

आता आजीकडे येऊ. प्रश्न संपला असं म्हणायला दोन मोजमापं लागतात. एक ते नऊ वर्षांच्या मुलांत दाणेदार खुपऱ्या पाच टक्क्यांहून कमी हव्यात, आणि पंधरा वर्षांवरच्या माणसांत आरोग्यव्यवस्थेला माहीत नसलेल्या आत वळलेल्या पापण्या 0.2 टक्क्यांहून कमी. या दुसऱ्या आकड्याचा अर्थ मांडून पाहा. 2011 च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या साधारण 17 लाख होती. त्यात पंधरा वर्षांवरचे 12 लाख धरले, तर 0.2 टक्के म्हणजे 2,400 माणसं. बालाघाटात इतके रुग्ण आहेत असा याचा अर्थ नाही. पण इतक्या मोठ्या जिल्ह्यात जवळजवळ तेवढे न सापडलेले रुग्ण असूनही हा निकष पूर्ण होऊ शकतो.

यांतल्या एखाद्या बाईची पापणी तपासायची कशी? खाली पाहायला सांगून वरची पापणी उलटायची, भिंगातून पाहायचं. एखादा केस बुबुळाला टेकतो का, आणि आतल्या बाजूला पांढऱ्या व्रणाच्या रेषा आहेत का. म्हातारपणी स्नायू सैल होऊनही पापणी आत वळते, पण ती बहुधा खालची असते आणि तिथं हे व्रण नसतात. शस्त्रक्रिया छोटी असते: भूल देऊन पापणीच्या कडेपासून तीनेक मिलिमीटरवर छेद घेतात आणि केसांची कड बाहेर फिरवून टाके घालतात. तरी ती कायमची हमी नाही. इथिओपियात 1,000 रुग्णांवर झालेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फक्त आतल्या बाजूनं छेद घेतलेल्यांपैकी 13 टक्क्यांची पापणी वर्षभरात पुन्हा आत वळली. पापणी आरपार कापण्याच्या पद्धतीत 22 टक्क्यांची. म्हणून शस्त्रक्रियेनंतर वर्षभर तरी तपासणी सोडायची नाही. केस उपटल्यानं आराम पडतो, पण काही आठवड्यांत तो पुन्हा उगवतो, आणि अर्धवट तुटलेला आखूड केस अधिक टोचतो.

2019 पासून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात ट्रॅकोमाच्या रुग्णांची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यात ठेवली जाते. ही नोंद रुग्णालयात पोहोचलेल्या माणसाचीच होते. राजेगावची बाई बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात जाईल किंवा गोंदियाला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. घरी कुणी वरचेवर पापणीचे केस उपटत असेल, तर तिथं नेताना एवढं आवर्जून सांगा: मोतिबिंदू आहे का ते पाहाच, पण वरची पापणीही उलटून पाहा.