लहान काटा आधी
(दुसरीचं गणित : भाग ६)

‘साडेतीन वाजवा,’ असं बाईंनी सांगितलं की दुसरीच्या वर्गातल्या बऱ्याच पुठ्ठ्याच्या घड्याळांवर मोठा काटा बरोबर ६ वर जातो. लहान काटा मात्र नेमका ३ वरच राहतो. खऱ्या घड्याळात असं कधीच दिसत नाही. साडेतीनला तासकाटा ३ आणि ४ च्या अगदी मध्यावर असतो. यात मुलांपेक्षा साधनाचा दोष मोठा आहे, कारण पुठ्ठ्याच्या घड्याळात दोन्ही काटे एकाच टिचबटणावर सुटे फिरतात. त्यांना जोडणारी दातेरी चाकं तिथे नसतात.

म्हणून पहिल्या दिवशी घड्याळाला एकच काटा लावावा, लहान.

घड्याळ करताना ताटलीभोवती रेघ मारून कागदाचा गोल कापायचा आणि त्याची दोनदा घडी घालायची. घड्यांच्या टोकांशी १२, ३, ६, ९ येतात, आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे मध्यबिंदू मिळतो. उरलेले आकडे मधल्या जागांत दोन-दोन बसतात. मुलं १ पासून ओळीने लिहीत गेली तर ८-९ पर्यंतच गोल भरून जातो. आकडे लिहून झाले की गोल पुठ्ठ्यावर चिकटवायचा.

आता काटा ३ च्या जरासा पुढे ठेवून विचारायचं, ‘किती वाजले असतील?’ मुलं म्हणतात, ‘तीन वाजून गेले.’ मध्यावर नेला की ‘साडेतीन’. ४ च्या अगदी जवळ आणला की ‘चार वाजत आले’. मिनिटांचं नावही न काढता वेळेचा अंदाज येतो. तासकाटा एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत सावकाश सरकतो, हेच आधी नजरेत बसायला हवं.

मोठा काटा दुसऱ्या दिवशी यावा, वेगळ्या रंगाचा आणि ठळकपणे लांब. दोघांची लांबी जवळपास सारखी असली, तर तीन वाजले की सव्वाबारा, हे मुलांना कळत नाही. त्याच दिवशी भिंतीवरचं घड्याळ उतरवून मागचं चाक फिरवून दाखवावं. मोठ्या काट्याची एक फेरी पूर्ण होईपर्यंत लहान काटा १२ वरून १ वर कसा पोचतो, ते मुलांनी डोळ्यांनी पाहावं.

खरी कसोटी पावणेचारची. मोठा काटा ९ वर, लहान काटा ४ च्या अलीकडे. काही मुलं लहान काट्याजवळचा ४ पाहून चार तास झालेच असं धरतात, त्यावर मोठ्या काट्याची पंचेचाळीस मिनिटं चढवतात आणि ‘पावणेपाच’ सांगतात. अशा वेळी बाईंनी उत्तर खोडण्याआधी मोठा काटा हाताने झाकावा आणि विचारावं, ‘चार वाजून गेले, की वाजायचे आहेत?’ ‘वाजायचे आहेत’ म्हणणारं मूल हात काढल्यावर बहुधा स्वतःच ‘पावणेचार’ म्हणतं. जे ‘वाजून गेले’ म्हणतं, त्याला पुन्हा एका काट्याचं घड्याळ द्यावं.