पैसे सुनेच्या नावावर, कर कोणाच्या माथी?

नव्या करप्रणालीत 2025-26 पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. तेव्हापासून चाकण-भोसरीकडे एक तोंडी हिशेब ऐकू येतो. घरात माणसं चार, म्हणजे बारा चोक अठ्ठेचाळीस लाख करमुक्त. जमिनीचे पैसे आले की चौघांच्या नावावर वाटून टाकायचे आणि मोकळं व्हायचं! हा हिशेब आयकर कायद्याच्या कलम 64 पाशी अडकतो. सीए मंडळी ज्याला ‘क्लबिंग’ म्हणतात ते हेच कलम: एकाच्या नावावरचं उत्पन्न दुसऱ्याच्या उत्पन्नात धरायचं. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण हा नियम तसाच राहिला.

एक कुटुंब कल्पून पाहू. खेड तालुक्यातले आजोबा, जमीन विकून हाती एक कोटी रुपये. त्यांनी पंचवीस-पंचवीस लाखांच्या चार एफडी केल्या: आजीच्या, मुलाच्या, सुनेच्या आणि दहा वर्षांच्या नातवाच्या नावावर. व्याज सात टक्के धरलं तर प्रत्येकी वर्षाला 1 लाख 75 हजार. मुलगा चाकणच्या कारखान्यात नोकरीला, त्याचं करपात्र उत्पन्न 14 लाख. सून घर सांभाळते. आजोबांना दुसरं करपात्र उत्पन्न नाही.

घरातल्यांची समजूत अशी, की जवळच्या नात्यातली भेट करमुक्त असते, बक्षीसपत्रही केलंय, मग प्रश्न मिटला. यातलं अर्धं खरं आहे. आजीला, सुनेला, नातवाला मिळालेल्या पंचवीस लाखांवर एक पैसाही कर नाही. पण भेट करमुक्त असणं वेगळं आणि त्या भेटीवर पुढे मिळणारं व्याज कोणाचं धरायचं, हे वेगळं. बक्षीसपत्राने पैशांची मालकी बदलते, व्याजावरच्या कराची जबाबदारी बदलतेच असं नाही.

आता एकेक एफडी घेऊ. पत्नीला मोबदला न घेता दिलेल्या पैशांचं उत्पन्न देणाऱ्या नवऱ्याचं धरतात, म्हणून आजीचं व्याज आजोबांच्या खात्यात गेलं. सज्ञान मुलाला दिलेल्या पैशांना हा नियम नाही. मुलाचं व्याज मुलाचंच. सुनेच्या बाबतीत मात्र बहुतेकांची गफलत होते. मुलाला चालतं ते सुनेलाही चालेल असं वाटतं, पण कायद्याने सुनेचं नाव वेगळं घेऊन सांगितलंय, की सासू किंवा सासऱ्यांनी दिलेल्या पैशांचं उत्पन्न त्या देणाऱ्याच्याच उत्पन्नात जाईल. म्हणजे सुनेचं व्याजही आजोबांकडे.

राहिला नातू. ‘पैसे आजोबांनी दिलेत, आईबापाचा काय संबंध?’ असा इथला युक्तिवाद. अज्ञान मुलाच्या बाबतीत पैसे कोणी दिले हे कायदा विचारतच नाही. त्याचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्यात धरलं जातं. इथे तो बाप. मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने कमावलं तर ती कमाई त्याची स्वतःची. एखाद्या मालिकेतल्या बालकलाकाराचं मानधन त्याचं, पण त्या मानधनाच्या एफडीचं व्याज पुन्हा आईबापाकडे. कायद्यात नमूद केलेलं अपंगत्व असलेल्या मुलाला हा नियम लागत नाही. दर मुलामागे 1500 रुपयांची जी सूट सांगतात ती जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही.

बेरीज करून बघा. आजोबांकडे आजीचं आणि सुनेचं मिळून साडेतीन लाख आले आणि त्यावर कर शून्य. मुलाच्या 14 लाखांत त्याचं स्वतःचं आणि नातवाचं व्याज मिळून साडेतीन लाख चढले, झाले साडेसतरा. एकट्या नातवाच्या एफडीपायी त्याला सेससह 35,100 रुपये जास्त भरावे लागतात. तीच एफडी सुनेच्या नावावर केली असती, तर व्याज आजोबांकडे जाऊन त्यांचे सव्वापाच लाख झाले असते आणि त्यावर कर लागला नसता. क्लबिंग म्हणजे नुकसानच, ही समजूतही म्हणून फार धरून बसू नये. ते कोणाच्या उत्पन्नात जातं, यावर सगळं अवलंबून आहे.

बँकेत मात्र खरी चूक होते ती फॉर्म भरताना. सुनेला वेगळं उत्पन्न नाही म्हणून टीडीएस कापू नये यासाठी तिच्याकडून स्वयंघोषणेचा फॉर्म भरून घेतला जातो. त्या फॉर्मवरच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की हे उत्पन्न क्लबिंगच्या कलमांखाली दुसऱ्या कोणाच्या उत्पन्नात धरायचं नाही. तिने सही केली की ते खोटं निवेदन ठरतं, आणि त्यावर खटल्याची तरतूद आहे. त्यापेक्षा 17,500 रुपये टीडीएस कापू द्यावा, तो आजोबांच्या पॅनवर दाखवावा असं लेखी निवेदन सुनेने बँकेला द्यावं, आणि आजोबांनी विवरणपत्र भरून परतावा मागावा. विवरणपत्रात अशा उत्पन्नासाठी ‘एसपीआय’ नावाचं वेगळं परिशिष्टच असतं.

सुनेच्या 1 लाख 75 हजार व्याजातून तिने पुढच्या वर्षी दुसरी एफडी केली, तर त्या नव्या एफडीचं व्याज मात्र तिचं स्वतःचं. क्लबिंग मूळ रकमेच्या उत्पन्नापुरतंच, उत्पन्नावरच्या उत्पन्नाला ते लागू नाही. म्हणून दोन्ही पैसे एकाच खात्यात मिसळू नयेत. पाच वर्षांनी वेगळं काढता येत नाही. घरखर्चाच्या पैशांतून बायकोने वाचवलेली शिल्लक तिची, असं नागपूर उच्च न्यायालयाने 1956 मध्येच मान्य केलंय. डब्यातल्या त्या बचतीला कायद्यानेही मान दिला, हे मला आवडतं. अर्थात पंचवीस लाखांची एफडी ‘घरखर्चातून वाचवली’ म्हणून कोणी मान्य करणार नाही.

फ्लॅटचंही असंच. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून मोशी-रावेतला बायकोच्या नावाने फ्लॅट होतात. पैसे नवऱ्याचे असतील तर आयकराच्या दृष्टीने भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात.

आता भोसरी एमआयडीसीतलं वर्कशॉप. नवरा मशीन सांभाळतो. बायको चलन, जीएसटीची बिलं, कामगारांची हजेरी बघते आणि महिना चाळीस हजार पगार घेते. ‘ती खरंच काम करते, मग पगार तिचाच,’ हे न्यायाने बरोबर वाटतं. कायदा मात्र पाहतो, की ज्या धंद्यात नवऱ्याचा, किंवा नवऱ्याचा आणि नातेवाइकांचा मिळून, वीस टक्के किंवा जास्त वाटा आहे त्यातून पगार येतोय का. येत असेल तर तो नवऱ्याच्या उत्पन्नात. सुटका तेव्हाच, जेव्हा तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असते आणि पगार त्याच ज्ञानाच्या कामाचा असतो. मेकॅनिकल डिप्लोमा झालेली बायको क्वालिटी कंट्रोल बघत असेल तर पगार तिचा. पदवी नसताना अनुभवातून आलेलं कौशल्यही पात्रतेत धरता येतं असं काही न्यायालयांनी म्हटलंय, पण ते सिद्ध करायची जबाबदारी तुमची. वीस वर्षं वर्कशॉपचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईला कागदाअभावी बाजूला सारणारा हा नियम मला अन्यायाचा वाटतो, पण आज तो लागू आहे. तेव्हा पगार सुरू करायच्या आधी तिची प्रमाणपत्रं, कामाचं स्वरूप आणि नेमणुकीचं पत्र फाइलला लावून ठेवा. आणि ती काहीच काम करत नसेल, तर तो पगार खर्च म्हणूनच नामंजूर होऊ शकतो.