येतं म्हणून सोडलेला शब्द

शेजारची मुलगी यंदा दहावीला आहे. संस्कृतची वही पुढे ठेवून ती तालात म्हणते, नदी नद्यौ नद्यः. कुठे अडखळत नाही. परवा मी मध्येच विचारलं, "सप्तमीचं एकवचन?" ती गप्प झाली. ओठांतल्या ओठांत पहिल्यापासून सुरुवात करून सातव्या ओळीपर्यंत आली आणि मग म्हणाली, "नद्याम्." पेपरात एकेका रूपासाठी एवढा वेळ कुठला? पाठांतर पक्कं होतं. सुटं रूप आठवून काढायची सवय मात्र नव्हती.

या सवयीने किती फरक पडतो, ते जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली अमेरिकेत दाखवून दिलं. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासह शिकवले. एकदा बरोबर आलेला शब्द काही जणांना पुन्हा वाचायला दिला, पण विचारला नाही. इतरांना तो येत असूनही दर फेरीत विचारला. आठवड्याने पहिल्यांना जेमतेम एकतृतीयांश शब्द आठवले, दुसऱ्यांना सुमारे ८० टक्के. शिकताना दोघांची गती सारखीच होती, आणि पुढे किती आठवेल हा दोघांचा अंदाजही सारखाच, साधारण निम्मे. म्हणजे "मला येतंय" या भावनेवर विसंबता येत नाही. आपण मुलांना नेमकं उलटं सांगतो: येतं ते सोड, चुकलेलं कर.

आम्ही तिचं वेळापत्रक बदललं. रात्री जेवणानंतर वीस मिनिटं: एकच नवा शब्द, मग वही मिटून कोऱ्या कागदावर उलटसुलट विचारलेली रूपं. लिहून झालं की वहीशी ताडून पाहायचं. हे टाळलं तर चुकीचं रूपच पक्कं होतं. मग झोप. सकाळी वही उघडण्याआधी तीच रूपं पुन्हा, आणि त्यांत तीन दिवसांपूर्वीची चार-पाच मिसळलेली.

मधली झोप मुद्दाम ठेवली. फ्रान्समध्ये २०१६ साली स्टेफनी मात्सा यांच्या गटाने काही जणांना संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी, तर काहींना एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी स्वाहिली शब्द शिकवले. दोन्हीकडे मध्ये बारा तास. झोप मिळालेल्यांना दुसऱ्या वेळी जवळपास निम्म्याच फेऱ्या पुरल्या, आणि सहा महिन्यांनीही त्यांना जास्त शब्द आठवत होते. अर्थात, मुळात न शिकलेलं झोपेने येत नाही.

पहिल्या आठवड्यात ती वैतागली. वाचताना सगळं येत होतं, कागदावर निम्मं चुकत होतं. 'मति'चं सप्तमीचं रूप तिने तीनदा चुकवलं. चौथ्या सकाळी आईने पोळ्या लाटतालाटता विचारलं, तर तिने 'मत्याम्' सांगितलं, 'मतौ'ही सांगितलं. आई म्हणाली, "आता हे आलं." ती म्हणाली, "उद्या परत विचार."