‘नीडफुल’ म्हणजे नेमके काय करायचे?

‘काइंडली डू द नीडफुल’ हा वाक्प्रचार मुळात भारतीयांनी घडवलेला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश व्यापारी पत्रांत तो सर्रास येई. विसाव्या शतकात ब्रिटनमधून तो हळूहळू मागे पडला, भारतात मात्र टिकला. मराठी अर्जाच्या शेवटी येणारे ‘योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती’ आणि हिंदीतले ‘आवश्यक कार्यवाही करें’ यांच्या साच्यात तो चपखल बसतो, हे त्याचे एक कारण. सरकारी कचेरीत अर्ज कोणत्या टेबलावर जाणार आणि पुढे काय होणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. त्यामुळे तिथे ‘योग्य ती’ म्हणून भागते. परदेशी ग्राहकाला यातले काहीच ठाऊक नसते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या कारखान्यातून न्यूयॉर्कच्या ग्राहकाला मेल जातो : ‘आय हॅव सेंट द प्रोफॉर्मा इनव्हॉइस यस्टरडे. वुई हॅव अ डाउट इन युअर क्वांटिटी. काइंडली डू द नीडफुल ॲण्ड रिव्हर्ट टुडे इटसेल्फ.’ अडचण साधी आहे. खरेदी आदेशात 500 व्हॉल्व्ह लिहिले आहेत, पण ग्राहकाच्याच वेळापत्रकातली बेरीज 550 होते. मेलमध्ये हे दोन्ही आकडे कुठेच नाहीत.

पहिल्या वाक्यात ‘काल पाठवला आहे’ हे मराठी क्रियापद जसेच्या तसे उतरले आहे. इंग्रजीत ‘यस्टरडे’सारखा सरलेला काळ सांगितला, की ‘हॅव’ गळते आणि ‘आय सेंट’ एवढेच उरते. ही चूक खटकते, पण अर्थ बिघडवत नाही. ‘डाउट’ मात्र बिघडवतो. मराठीत ‘शंका’ म्हणजे विचारायचा प्रश्नही असतो आणि संशयही. इंग्रजी ‘डाउट’मध्ये संशयाकडेच कल जास्त, त्यामुळे आपल्या आकड्यावर अविश्वास दाखवला, असे ग्राहकाला वाटू शकते. इथे ‘क्वेश्चन’ म्हणावे.

‘रिव्हर्ट’ सगळ्यात धोक्याचा. भारतीय कचेऱ्यांत त्याचा अर्थ ‘उत्तर द्या’. ब्रिटन-अमेरिकेत सहसा ‘पूर्वस्थितीला जाणे’. सॉफ्टवेअरच्या कामात तर `git revert` ही आज्ञा आधी केलेला बदल रद्द करते. ‘प्लीज चेक द चेंज ॲण्ड रिव्हर्ट’ असे वाचून समोरच्याने केलेले काम उलटवले, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही. ‘रिप्लाय’ किंवा ‘लेट अस नो’ लिहिले, की प्रश्न मिटतो.

‘टुडे इटसेल्फ’ हा ‘आजच’मधल्या ‘च’चा अवतार. इंग्रजीत हा ‘च’ लागत नाही, मुदत लागते. पुण्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ झालेले असतात. मग ‘आज’ कोणाचा? तारीख द्यावी आणि महिना अक्षरांत लिहावा. 06/05 हा आकडा भारतीय वाचक 6 मे असा वाचतो, अमेरिकी वाचक 5 जून.

राहिला ‘काइंडली’. मराठीत आदर क्रियापदातच असतो : ‘करावे’, ‘कराल का’. इंग्रजी क्रियापदात तशी सोय नाही, म्हणून मराठी माणूस ‘काइंडली’ आणि ‘सर’ची पेरणी करतो. पण आज्ञार्थी वाक्याला जोडलेला ‘काइंडली’ पाश्चात्त्य कानांना अनेकदा सूचनाफलकासारखा, जरा तुसडाच लागतो. इंग्रजीत अदब साधते ती प्रश्नाच्या रूपाने : ‘कुड यू प्लीज’.

आता तोच मेल : ‘आय सेंट द प्रोफॉर्मा इनव्हॉइस यस्टरडे. युअर पर्चेस ऑर्डर सेज 500 व्हॉल्व्हज, बट युअर डिलिव्हरी शेड्यूल ॲड्स अप टू 550. कुड यू प्लीज कन्फर्म द करेक्ट क्वांटिटी बाय 6 जून?’ मजकूर थोडा वाढला, पण ग्राहकाला उलट प्रश्न विचारावा लागत नाही. पाठवण्यापूर्वीची तपासणीही यावरूनच करता येते : कोणी, काय, कधीपर्यंत करायचे, हे मेल वाचून सांगता आले पाहिजे. ‘नीडफुल’ लिहायचा मोह झाला, तर यातले ‘काय’ हमखास राहिलेले असते. कधीकधी ते लिहिणाऱ्यालाही ठरवता आलेले नसते, आणि हा शब्द ती उणीव झाकतो.

भारतीय इंग्रजीतले सारेच मोडीत काढायचे कारण नाही. ‘प्रीपोन’ हा इथेच रुळलेला शब्द आता ऑक्सफर्डच्या कोशात आहे. मुंबईहून नागपूरला गेलेल्या मेलमध्ये ‘रिव्हर्ट’ वाचून कोणी गोंधळत नाही. देशाबाहेर जाणाऱ्या मेलमध्ये मात्र ‘रिव्हर्ट’ आणि ‘नीडफुल’ हे दोन शब्द टाळलेलेच बरे.