उतारा न वाचता आलेली उत्तरं

हे वाक्य वाचा: ‘मिरळ टोंबीने कलच्या झिपुरात दोन गवले सटपले.’ आता उत्तरं द्या. गवले कोणी सटपले? टोंबीने. किती सटपले? दोन. कुठे सटपले? झिपुरात. टोंबी कशी होती? मिरळ. चारही उत्तरं बरोबर, पैकीच्या पैकी गुण, आणि वाक्याला अर्थच नाही. ‘दोन’ सोडला तर त्यातला एकही शब्द मराठीत नाही. आपण फक्त प्रत्यय ओळखले. ‘ने’ लागलेला शब्द म्हणजे करणारा, ‘त’ लागलेला शब्द म्हणजे जागा. मराठी कानावर पडत वाढलेल्या मुलाला हे पहिलीतच येतं.

भाषेच्या परीक्षेतल्या अपठित उताऱ्याखाली छापलेले बरेच प्रश्न याच जातीचे असतात, आणि म्हणूनच त्यातले पूर्ण गुण मिळवणाऱ्या मुलाला उतारा समजला असेल, असं खात्रीने म्हणता येत नाही. दहावीच्या कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याला ४ गुण आहेत. चौकटी भरा, आकृतिबंध पूर्ण करा, कारण लिहा अशा कृती तिथे येतात. शिवाय पत्र लिहायचं नसेल, तर याच उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहिण्याचा पर्याय असतो. शिष्यवृत्ती परीक्षेत उताऱ्याखाली पर्यायी प्रश्न येतात. उतारा नवा, मुलाने कधी न पाहिलेला, म्हणजे पाठांतराची सोय नाही. कल्पना उत्तम आहे. पण ती टिकते की नाही, हे खालच्या प्रश्नांवर ठरतं.

प्रश्न कसे बनतात आणि कुठे फसतात हे पाहण्यासाठी एक छोटा उतारा घेऊ. तो या लेखासाठीच लिहिला आहे.

‘सदाशिवने दुकानाच्या दोन फळ्या लावल्या. तिसरी उचलली तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गंगूआजी दिसली. तिच्या हातात रिकामी बाटली होती. सदाशिवने फळी पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली. “तेल नकोय आज, भाव काय चाललाय तेवढं सांग,” आजी म्हणाली. गल्ल्याशेजारची वही सदाशिवने उघडलीही नाही. बाटली घेऊन त्याने पाव लिटर तेल मापून ओतले. “पुण्याहून पैसे आले की बघू,” तो म्हणाला. आजीने पदराने बाटलीचे तोंड पुसले आणि काही न बोलता ती वळली.’

घाईत प्रश्न काढायचे तर हे सहज सुचतात: आजीच्या हातात काय होते? सदाशिवने किती तेल ओतले? आजीने बाटलीचे तोंड कशाने पुसले? तिन्ही टोंबीच्या घराण्यातले. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि शेजारचा शब्द उचलून लिहायचा. असा एखादा प्रश्न सुरुवातीला जरूर असावा, कारण अडखळत वाचणाऱ्या मुलालाही आत शिरायला दार लागतं. पण सगळेच असे असतील तर गोष्ट कळलेलं मूल आणि न कळलेलं मूल एकाच रांगेत उभं राहतं. चौथीच्या मुलांच्या वाचनाची ‘पर्ल्स’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तिच्या आराखड्यात सरळ माहिती शोधण्याला फक्त २० टक्के वाटा आहे. उरलेला वाटा अनुमान काढणं, विखुरलेले धागे जोडणं आणि मजकूर पारखणं यांचा.

आता दुसरा प्रश्न बघा: ‘ही दुकान उघडण्याची वेळ होती की बंद करण्याची? कशावरून?’ उताऱ्यात ‘संध्याकाळ’ नाही, ‘बंद’ही नाही. फळ्या लावल्या म्हणजे काय, हे कळल्याशिवाय उत्तर येत नाही. यातलं ‘कशावरून’ फार मोलाचं आहे. ते नसेल तर दोनांतलं एक उत्तर ठोकून निम्मी मुलं बरोबर येतील.

तिसरा: ‘आजीला तेल हवे होते, हे कोणत्या गोष्टीवरून कळते?’ इथे आजीचं बोलणं एक सांगतं आणि तिच्या हातातली बाटली दुसरंच सांगते. नुसता भाव विचारायला कोणी रिकामी बाटली घेऊन येत नाही. उत्तर एका शब्दाचं आहे, पण दोन वाक्यं समोरासमोर ठेवल्याशिवाय ते सापडत नाही. लोकांना वाटतं की अवघड प्रश्नाचं उत्तर लांबलचक असतं. तसं मुळीच नाही.

चौथा, माझ्या मते या उताऱ्यातला सगळ्यात चांगला: ‘सदाशिवने वही उघडली नाही, यामागे काय कारण असावे?’ वही उधारीची आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. ती गल्ल्याजवळ आहे, तेल देताना पैसे घेतलेले नाहीत, ‘पैसे आले की बघू’ असं तो म्हणतो. या तीन गोष्टी जोडल्या की कळतं: आजीकडे आधीची बाकी आहे, आणि ती आत्ता काढून तिला संकोचात टाकायचं नाही. इथे सगळा उतारा कामाला लागतो.

याच उताऱ्यावर दोन प्रश्न असे निघतात की ते दिसायला चांगले, पण निरुपयोगी. पहिला: ‘आजीला पैसे कोण पाठवत होते?’ नव्वद टक्के मुलं ‘मुलगा’ लिहितील असं वाटतं, कारण आपल्या गोष्टींमध्ये पुण्या-मुंबईला मुलगाच असतो. पण उताऱ्यात मुलगा नाही. ती मुलगी असेल, पेन्शन असेल, भाऊ असेल. अनुमान आणि तर्कट यांतला फरक हाच: अनुमानाला बोट ठेवायला वाक्य असतं. शिक्षकाने मनात ‘मुलगा’ धरून गुण दिले, तर ‘उताऱ्यात सांगितलेलं नाही’ असं लिहिणाऱ्या सगळ्यात सावध वाचकाचे गुण जातात.

दुसरा: ‘वृद्ध माणसांशी आपण कसे वागावे?’ याचं उत्तर उताऱ्यावर हात झाकूनही लिहिता येतं. स्वमत विचारायला हरकत नाही, पण ते उताऱ्याला बांधलेलं हवं. ‘सदाशिवने वही न उघडता तेल दिले, हे तुम्हाला योग्य वाटते का? उताऱ्यातील एका प्रसंगाचा आधार देऊन लिहा’ असं म्हटलं की तोंडपाठ निबंधाला जागा उरत नाही.

प्रश्न उताऱ्याला बांधलेला आहे का, हे तपासायची रीत सोपी आहे. उतारा काढून घ्यायचा आणि नुसते प्रश्न कोणाला तरी सोडवायला द्यायचे. जे प्रश्न त्याला सुटले, ते आकलनाचे नव्हेत. नावाजलेल्या परीक्षाही यात सापडल्या आहेत. १९९० साली अमेरिकेत स्टुअर्ट कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅट या महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेतले उताऱ्यांवरचे पर्यायी प्रश्न विद्यार्थ्यांना उताऱ्याशिवाय दिले. पाच पर्यायांतून आंधळेपणाने निवडलं असतं तर जितकी बरोबर आली असती, त्याहून स्पष्टपणे जास्त उत्तरं बरोबर आली. सामान्य ज्ञान आणि पर्यायांची ठेवण एवढ्यावर मुलांनी वाट काढली होती.

पर्यायांची ठेवण म्हणजे काय, ते आपल्याच चौथ्या प्रश्नावर पाहू. शिष्यवृत्तीच्या धर्तीवर तो असा होईल: ‘सदाशिवने वही उघडली नाही, कारण (१) आजीला तेल नको होते. (२) उधारीचा विषय त्याला काढायचा नव्हता. (३) दिवसाचा हिशेब आधीच झाला होता. (४) आजीने तेलाचे पैसे रोख दिले.’ चुकीचे तिन्ही पर्याय उगाच टाकलेले नाहीत. पहिला निवडणाऱ्या मुलाने आजीच्या शब्दांवर विश्वास ठेवला आणि बाटली विसरलं. तिसरा निवडणारं मूल फळ्यांच्या वाक्यापाशीच थांबलं. चौथा निवडणाऱ्याने ‘पैसे’ हा शब्द पाहिला आणि उडी घेतली. चूक कुठली झाली यावरून वाचन कुठे अडलं ते शिक्षकाला कळतं. बरोबर पर्यायच सगळ्यात लांब असणं हा नेहमीचा दोष. म्हणून चारही जवळपास सारख्या लांबीचे केले आहेत.

आणि तरी यात एक खोट आहे. याच कागदावर वर ‘आजीला तेल हवे होते, हे कोणत्या गोष्टीवरून कळते?’ हा तिसरा प्रश्न छापला, तर चाणाक्ष मूल पहिला पर्याय उतारा न वाचता खोडेल. आजीला तेल हवं होतं हे प्रश्नपत्रिकेनेच सांगून टाकलं! म्हणून या दोन प्रश्नांपैकी एकच ठेवावा. प्रश्नपत्रिका बांधून झाली की ती मागून पुढे वाचावी. कुठला प्रश्न दुसऱ्याचं उत्तर फोडतो, ते तेव्हा दिसतं.

आता सगळ्यात अवघड भाग. चांगला प्रश्न चुकला, म्हणजे मुलाला वाचता येत नाही असं दरवेळी नसतं. मॉलमधून किराणा आणणाऱ्या घरातल्या मुलाने फळ्यांचं दुकान पाहिलेलं नसेल, उधारीची वही तर नाहीच. त्याला शब्द कळतील, वाक्यं कळतील, पण ‘फळ्या लावल्या’ म्हणजे दुकान मिटत चाललं, हे कळायला डोळ्यांपुढे दुकान यावं लागतं. १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. खेळ माहीत असलेली कच्ची वाचक मुलं, खेळ माहीत नसलेल्या पक्क्या वाचकांच्या पुढे गेली. आपल्याकडे क्रिकेटच्या सामन्यावरचा उतारा दिला तर हेच होईल. म्हणून ज्या उताऱ्याचं कुलूप एखाद्या अनोळखी वस्तूत आहे, तिथे ती वस्तू टीपेत सांगून टाकावी. ‘फळ्या: जुन्या दुकानांचे दार बंद करण्यासाठी ओळीने बसवायच्या लाकडी पट्ट्या’ एवढी टीप दिली तर दुसरा प्रश्न सोपा होतो, हे खरं. पण चौथ्याची धार तशीच राहते, आणि तो वेगवेगळ्या घरांतल्या मुलांना सारखाच लागू पडतो.

शेवटी तपासणी. आदर्श उत्तराची एकच ओळ हाती घेऊन बसलं की चांगला प्रश्नही वाया जातो. ‘उधारी’ हा शब्द न वापरता ‘आजीची जुनी बाकी त्याला काढायची नव्हती’ किंवा ‘आजीला लाज वाटू नये म्हणून’ असं लिहिलेलं पूर्ण गुणांना पात्र आहे. उलट ‘गल्ल्याशेजारची वही सदाशिवने उघडलीही नाही’ हे वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवणाऱ्याला काही मिळू नये. त्याने उत्तराची जागा बरोबर ओळखली, पण कारण सांगितलंच नाही. आणि एखादं मूल लिहील: ‘अंधार पडला होता, वही दिसली नसती.’ हे उत्तर मला मनापासून आवडतं. दुकान मिटण्याची वेळ आहे हे त्याने पकडलं आणि त्यावरून कारण बांधलं. पण ते पुढच्या वाक्याशी जुळत नाही. त्याला गुण देण्याआधी किंवा कापण्याआधी वर्गात एवढंच विचारावं की मग लगेच सदाशिव पुण्याच्या पैशांबद्दल का बोलला.